पात्रतेच्या वाक्यापासून तपासणी सूचीपर्यंत

निवासी शाळेतून दहावी उत्तीर्ण होऊन बाहेर पडणाऱ्या मुलामुलींपुढे पहिला प्रश्न महाविद्यालयाचा नसतो, राहण्याचा असतो. शहरातील शासकीय वसतिगृहात जागा मिळाली तर ठीक. न मिळाली तर खोलीचे भाडे आणि खाणावळीचे पैसे कोठून आणायचे, या एका गोष्टीवर पुढचे शिक्षण अडते. अशा विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्र शासनाच्या सामाजिक न्याय विभागाने ६ जानेवारी २०१७ च्या शासन निर्णयाने ‘भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना’ सुरू केली. मुंबई, पुणे, नागपूर यांसारख्या मोठ्या शहरांत शिकणाऱ्यांसाठी या योजनेत भोजनासाठी ३२,०००, निवासासाठी २०,००० आणि निर्वाहासाठी ८,००० असे वर्षाला ६०,००० रुपये ठरविण्यात आले. इतर ठिकाणी ही रक्कम काहीशी कमी होती.

ही रक्कम ज्याला मिळायला हवी, तो अर्जदार अनेकदा पात्रतेच्या वाक्यापाशीच थबकतो. ते वाक्य त्याला समजत नाही, किंवा अर्धवट समजते आणि ‘आपण यात बसत नाही’ असे मानून तो परत फिरतो. या लेखात अशा एका वाक्याची, अर्जदाराला स्वतः खूण करता येईल अशी तपासणी सूची कशी बनवावी, हे क्रमाने पाहू. माजी विद्यार्थ्यांना गावोगावी हे काम करता येते. त्यासाठी वकील असावे लागत नाही, मात्र वाक्य नीट सोडवावे लागते.

अभ्यासासाठी वाक्य

पुढील वाक्य पाठाच्या सोयीसाठी शासकीय वळणाने जुळविलेले आहे. त्यातील अटी स्वाधार योजनेच्या मुख्य अटींवरून घेतल्या आहेत. योजनेची व्याप्ती व अटी शासन वेळोवेळी बदलते, म्हणून प्रत्यक्ष अर्जासाठी चालू वर्षाची जाहिरात समोर ठेवावी. रीत मात्र हीच राहील.

‘राज्यातील महानगरपालिका क्षेत्रात, महानगरपालिकेच्या हद्दीपासून ५ किलोमीटर परिसरात अथवा जिल्ह्याच्या ठिकाणी असलेल्या मान्यताप्राप्त महाविद्यालयात अथवा शैक्षणिक संस्थेत इयत्ता ११ वी व १२ वी तसेच त्यानंतरच्या, दोन वर्षांपेक्षा कमी कालावधी नसलेल्या अभ्यासक्रमास प्रवेश घेतलेल्या, तथापि शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या, महाराष्ट्राचे रहिवासी असलेल्या परंतु संबंधित संस्थेच्या ठिकाणचे स्थानिक रहिवासी नसलेल्या, ज्यांच्या पालकांचे वार्षिक उत्पन्न रुपये २,५०,००० पेक्षा जास्त नाही व ज्यांना लगतपूर्वीच्या परीक्षेत किमान ५० टक्के (दिव्यांग विद्यार्थ्यांच्या बाबतीत किमान ४० टक्के) गुण मिळाले आहेत, अशा अनुसूचित जाती व नवबौद्ध प्रवर्गातील विद्यार्थ्यांनी आधार क्रमांक संलग्न असलेल्या बँक खात्याच्या तपशिलासह अर्ज करावा व निवड झालेल्या विद्यार्थ्याची उपस्थिती किमान ७५ टक्के असणे बंधनकारक राहील.’

हे वाक्य व्याकरणदृष्ट्या शुद्ध आहे. तरीही ते कठीण वाटते, याचे कारण मराठीच्या रचनेत आहे. मराठीत विशेषण नामाच्या आधी येते आणि क्रियापद शेवटी. ‘घेतलेल्या’, ‘न मिळालेल्या’, ‘असलेल्या’, ‘नसलेल्या’ अशी विशेषणांची रांग लागते आणि ती ज्या नामासाठी आहे ते ‘विद्यार्थ्यांनी’ हे पद वाक्य संपत आल्यावर भेटते. तोपर्यंत सगळ्या अटी वाचकाने मनात धरून ठेवायच्या. सवय नसलेल्या वाचकाच्या हातून मधल्या दोन-तीन अटी निसटणारच.

स्वल्पविरामावर तोडून चालत नाही

सूची करायला बसलेला मनुष्य बहुधा पहिली गोष्ट अशी करतो : जेथे स्वल्पविराम किंवा ‘अथवा’, ‘व’ तेथे वाक्य तोडतो, प्रत्येक तुकड्यापुढे चौकट काढतो आणि वर लिहितो, ‘सर्व चौकटींत खूण असल्यास आपण पात्र.’ वरच्या वाक्याची अशी सूची केली तर सुरुवातीलाच ‘महानगरपालिका क्षेत्रात’, ‘हद्दीपासून ५ किलोमीटर परिसरात’ आणि ‘जिल्ह्याच्या ठिकाणी’ अशा तीन चौकटी होतात. एखाद्या छोट्या जिल्ह्याच्या ठिकाणी शिकणारी मुलगी पहिल्या दोन चौकटी रिकाम्या सोडते आणि स्वतःला अपात्र ठरवते. मूळ वाक्यात ती पात्र होती. सूचीने तिला अपात्र केले.

सूचीतून दोन प्रकारच्या चुका घडू शकतात. अपात्र अर्जदार स्वतःला पात्र समजून अर्ज करतो, ही पहिली. तिचे निवारण छाननीत होते. त्याचा वेळ आणि थोडा खर्च वाया जातो, पण चूक उघड होते. पात्र अर्जदार स्वतःला अपात्र समजतो, ही दुसरी. तो अर्जच करीत नाही, म्हणून त्याची नोंद कोणत्याही कार्यालयात होत नाही आणि ती चूक कोणालाही दिसत नाही. सूची करणाऱ्याने या दुसऱ्या चुकीला अधिक भ्यावे. पुढील प्रत्येक पायरी तिला टाळण्यासाठी आहे.

पायरी पहिली : वाक्य शेवटाकडून वाचावे

प्रथम क्रियापद शोधावे. येथे दोन आहेत : ‘अर्ज करावा’ आणि ‘बंधनकारक राहील’. म्हणजे हे खरे तर दोन आदेश आहेत. पहिला अर्ज करण्याविषयी, दुसरा निवड झाल्यानंतरचा. उपस्थितीची अट आज पूर्ण करायची नाही. वर्ग अजून सुरूही झाले नसतील. ती पात्रतेच्या चौकटींत घातली, तर अर्जदार ‘माझी उपस्थिती किती?’ या उत्तर नसलेल्या प्रश्नावर अडेल. तिची जागा सूचीच्या शेवटी, वेगळ्या भागात.

क्रियापद सापडले की कर्ता शोधावा : ‘अनुसूचित जाती व नवबौद्ध प्रवर्गातील विद्यार्थ्यांनी’. आता मागे मागे सरकत प्रत्येक तुकड्याला विचारावे, ‘तू कोणाविषयी बोलतोस?’ काही तुकडे विद्यार्थ्याविषयी आहेत, काही संस्थेविषयी, एक अभ्यासक्रमाविषयी, एक पालकांविषयी, एक बँक खात्याविषयी. कागदावर ही पाच नावे लिहून प्रत्येक तुकडा त्याच्या नावाखाली ठेवला की अर्धे काम होते. ‘दोन वर्षांपेक्षा कमी कालावधी नसलेल्या’ हे शब्द अभ्यासक्रमाचे आहेत, संस्थेचे नव्हेत. ‘मान्यताप्राप्त’ हा शब्द संस्थेचा आहे.

पायरी दुसरी : ‘विद्यार्थ्यांनी’च्या जागी ‘मी’ ठेवावा

शासन निर्णय अनेकवचनात बोलतो आणि अर्जदार एकवचनात वाचतो. या फरकामुळे ‘व’ हा छोटासा शब्द सर्वांत जास्त फसवतो. आपल्या वाक्यात तो चार वेळा आला आहे आणि चारही ठिकाणी त्याचे काम सारखे नाही.

‘अनुसूचित जाती व नवबौद्ध प्रवर्गातील विद्यार्थ्यांनी’ येथे ‘व’ दोन गट जोडतो. दोन्ही गटांतील विद्यार्थी अर्ज करू शकतात, असा त्याचा अर्थ. एका विद्यार्थ्याने दोन्ही गटांत असले पाहिजे, असा नव्हे. हे दोन शब्द शेजारी का आले, याला इतिहास आहे. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशात प्रारंभी मुख्यतः हिंदू धर्मीयांचा समावेश होता आणि १९५६ मध्ये शिखांचा झाला. त्याच वर्षी धम्मदीक्षा घेतलेला समाज मात्र केंद्राच्या सवलतींबाहेर राहिला. बौद्धांचा समावेश होण्यासाठी १९९० ची दुरुस्ती यावी लागली. मधल्या काळात महाराष्ट्रात राज्याच्या सवलतींसाठी ‘नवबौद्ध’ हा स्वतंत्र शब्द रूढ झाला आणि तो आजही शासकीय मराठीत ‘अनुसूचित जाती’ला जोडून येतो. ज्याच्या दाखल्यावर एकच नोंद आहे, त्याने ती एक चौकट भरावी, एवढेच पुरे.

‘इयत्ता ११ वी व १२ वी’ येथेही तेच. कोणीही एका वर्षी दोन्ही इयत्तांत नसतो. पण ‘उत्पन्न २,५०,००० पेक्षा जास्त नाही व ज्यांना किमान ५० टक्के गुण मिळाले आहेत’ येथे ‘व’ दोन अटी जोडतो आणि दोन्ही पूर्ण व्हाव्याच लागतात. चौथा ‘व’ तर दोन स्वतंत्र आदेश जोडणारा आहे, हे आपण आधीच पाहिले.

ओळखायचे कसे? ‘विद्यार्थ्यांनी’ काढून ‘मी’ ठेवावा आणि विचारावे : या दोन्ही गोष्टी एकाच वेळी माझ्याबाबत खऱ्या असणे शक्य आहे का, आणि आवश्यक आहे का? ‘मी अकरावीत आणि बारावीत आहे’ हे अशक्य. म्हणून तेथे ‘किंवा’. ‘माझ्या पालकांचे उत्पन्न मर्यादेत आहे आणि मला पुरेसे गुण आहेत’ हे शक्य, आणि योजनेच्या हेतूने आवश्यकही. म्हणून तेथे ‘आणि’. सूचीत ‘किंवा’ने जोडलेल्या गोष्टी एकाच क्रमांकाखाली येतील आणि ‘आणि’ने जोडलेल्यांना स्वतंत्र क्रमांक मिळतील. मग सूचना साधी होते : प्रत्येक क्रमांकात एक खूण हवी.

पायरी तिसरी : नकार आणि मर्यादा उलगडाव्यात

‘जास्त नाही’, ‘कमी नसलेल्या’, ‘किमान’ या शब्दांत काठावरचा आकडा आत असतो. उत्पन्नाच्या दाखल्यावर नेमके २,५०,००० रुपये असतील तर ते ‘जास्त’ नाहीत, अर्जदार पात्र. अभ्यासक्रम नेमका दोन वर्षांचा असेल तर तो ‘कमी’ नाही, चालेल. पुष्कळ जण सोपे करण्याच्या भरात ‘उत्पन्न अडीच लाखांपेक्षा कमी’ असे लिहितात आणि काठावरच्या कुटुंबाला बाहेर काढतात. ‘२,५०,००० रुपये किंवा त्याहून कमी’ असे लिहावे. दोन शब्द वाढतात, पण अर्थ शाबूत राहतो.

नकारार्थी अटींचे दुसरे संकट असे की, खूण म्हणजे काय तेच कळेनासे होते. ‘स्थानिक रहिवासी नाही’ या ओळीपुढे ‘होय / नाही’ अशा दोन चौकटी दिल्या, तर स्थानिक नसलेला विद्यार्थी ‘नाही’वर खूण करील आणि तपासणारा ते उलट वाचील. म्हणून ‘होय / नाही’ टाळावे. प्रत्येक ओळ ‘मी’ किंवा ‘माझे’ने सुरू होणारे पूर्ण विधान असावे आणि खुणेचा अर्थ एकच असावा : हे विधान खरे आहे.

जेथे जमेल तेथे नकार होकारात बदलावा. ‘स्थानिक रहिवासी नाही’ऐवजी ‘माझे घर दुसऱ्या गावी वा शहरी आहे’ असे लिहिता येते. पण हे सर्वत्र साधत नाही. ‘शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या’ याचे ‘मी वसतिगृहाबाहेर राहतो’ असे केले तर अर्थ बदलतो. कारण जागा मिळूनही ती न घेता बाहेर राहणारा विद्यार्थी त्या विधानात बसतो, मूळ अटीत बसत नाही. तेथे नकार तसाच ठेवावा.

कंसातील मजकुराकडे विशेष लक्ष द्यावे. ‘दिव्यांग विद्यार्थ्यांच्या बाबतीत किमान ४० टक्के’ हा गुणांच्या अटीला पर्याय आहे, जादा अट नाही. येथे आणखी एक गोंधळ संभवतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये अनेक सवलतींसाठी दिव्यांगत्वाचे प्रमाण किमान ४० टक्के असावे लागते आणि प्रमाणपत्रावर तेही टक्क्यांतच लिहिलेले असते. एकाच अर्जात दोन निराळे ‘४० टक्के’ आले की अर्जदार प्रमाणपत्रावरचा आकडा गुणांच्या जागी लिहितो. म्हणून सूचीत नुसते ‘४० टक्के’ न लिहिता ‘४० टक्के गुण’ असे लिहावे.

तयार सूची

या तीन पायऱ्यांनंतर वाक्याचे रूप असे होते.

भाग १ : पात्रता
(प्रत्येक क्रमांकात एक खूण हवी. अ, आ, इ असे पर्याय असतील तेथे कोणताही एक पुरे. खूण म्हणजे ‘हे विधान खरे आहे’. खात्री नसेल तर चौकटीत ‘?’ लिहावे.)

१. माझ्या जातीच्या दाखल्यावर
☐ अ. अनुसूचित जातीची नोंद आहे, किंवा
☐ आ. नवबौद्ध अशी नोंद आहे.

२. ☐ मी महाराष्ट्राचा रहिवासी आहे. (पाहा : अधिवास प्रमाणपत्र)

३. माझे महाविद्यालय वा संस्था
☐ अ. महानगरपालिकेच्या हद्दीत आहे, किंवा
☐ आ. महानगरपालिकेच्या हद्दीपासून ५ किलोमीटरच्या आत आहे, किंवा
☐ इ. जिल्ह्याच्या ठिकाणी आहे.

४. ☐ माझी संस्था मान्यताप्राप्त आहे. (महाविद्यालयाच्या कार्यालयात विचारावे)

५. माझा प्रवेश
☐ अ. अकरावीला वा बारावीला आहे, किंवा
☐ आ. त्यानंतरच्या अभ्यासक्रमाला आहे आणि तो संपूर्ण अभ्यासक्रम दोन वर्षांचा किंवा त्याहून अधिक आहे.

६. ☐ मला शासकीय वसतिगृहात प्रवेश मिळालेला नाही.

७. ☐ माझे घर संस्थेच्या गावात वा शहरात नसून दुसरीकडे आहे.

८. ☐ माझ्या पालकांचे वार्षिक उत्पन्न २,५०,००० रुपये किंवा त्याहून कमी आहे. (पाहा : तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला)

९. मागील परीक्षेत मला
☐ अ. ५० टक्के किंवा अधिक गुण आहेत, किंवा
☐ आ. ४० टक्के किंवा अधिक गुण आहेत आणि माझ्याकडे दिव्यांग प्रमाणपत्र आहे.

भाग २ : अर्जापूर्वीची तयारी
☐ माझ्या नावे बँक खाते आहे.
☐ ते खाते आधार क्रमांकाशी संलग्न असल्याची मी बँकेत खात्री केली आहे.
☐ वर उल्लेखिलेले दाखले व गुणपत्रक हाती आहेत.

भाग ३ : निवड झाल्यावर
उपस्थिती किमान ७५ टक्के ठेवावी लागेल. (आता खूण करायची नाही.)

भाग २ वेगळा ठेवण्यामागे कारण आहे. बँक खाते नाही म्हणून कोणी अपात्र होत नाही. ते उघडून येता येते. पात्रतेच्या चौकटीचे उत्तर अर्जदार बदलू शकत नाही, तयारीच्या चौकटीचे बदलू शकतो. दोन्ही मिसळल्या तर कागद गोळा न झालेला विद्यार्थी स्वतःला अपात्र समजतो. खात्याविषयी एक व्यावहारिक सूचना द्यावी. बँकेत आधारची प्रत दिलेली असणे आणि शासकीय रक्कम जमा होण्यासाठी ते खाते आधारशी जोडलेले असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकाहून अधिक खाती असतील तर आधारवर आधारित रक्कम ज्या खात्याशी शेवटी जोडणी झाली त्यात जाते. पुष्कळदा ‘पैसे आलेच नाहीत’ अशी तक्रार असते आणि ते जुन्या, विसरलेल्या खात्यात पडलेले असतात.

सूचीची परीक्षा

सूची तयार झाली की ती बरोबर आहे हे दोन रीतींनी पडताळावे.

पहिली रीत पेन्सिलची. मूळ वाक्य समोर घ्यावे. सूचीतील एकेक ओळ वाचावी आणि तिने मूळ वाक्यातले जे शब्द व्यापले ते खोडावेत. शेवटी वाक्यात अटीचा एखादा शब्द न खोडता उरला, तर सूचीत काहीतरी सुटले आहे. ‘मान्यताप्राप्त’ हा शब्द असा उरण्याची शक्यता सर्वांत अधिक, कारण तो एकटाच नामाला चिकटून येतो. उलट, सूचीतील एखाद्या ओळीसाठी वाक्यात खोडायला शब्दच सापडला नाही, तर ती अट आपण पदरची घातली आहे. ती काढावी.

दुसरी रीत काठावरच्या कल्पित अर्जदारांची. मधोमध बसणारा अर्जदार कोणत्याही सूचीत बसतो. सूचीचे दोष काठावर दिसतात.

पहिली अर्जदार : वाशीम जिल्ह्यातील एका खेड्यातील विद्यार्थिनी. नागपूर महानगरपालिकेच्या हद्दीतील मान्यताप्राप्त महाविद्यालयात तीन वर्षांच्या विज्ञान पदवीला प्रवेश. दाखल्यावर ‘नवबौद्ध’. पालकांचे उत्पन्न नेमके २,५०,०००, बारावीला नेमके ५० टक्के गुण. शासकीय वसतिगृहात नाव लागले नाही. आपल्या सूचीत १-आ, २, ३-अ, ४, ५-आ, ६, ७, ८, ९-अ अशा नऊ खुणा होतात. वाक्यानेही ती पात्र. स्वल्पविरामावर तोडलेल्या सूचीत मात्र ती ‘अनुसूचित जाती’ आणि ‘हद्दीपासून ५ किलोमीटर परिसरात’ यांपाशी अडखळली असती.

दुसरा अर्जदार : बारावीला ४४ टक्के गुण, दिव्यांग प्रमाणपत्र आहे, बाकीच्या अटी पूर्ण. त्याच्यापुढे दोन अभ्यासक्रम आहेत, एक वर्षाचे प्रमाणपत्र आणि दोन वर्षांची पदविका. नवव्या क्रमांकात आ-पुढे खूण होते. पाचव्या क्रमांकात प्रमाणपत्र अभ्यासक्रमाला खूण होत नाही, पदविकेला होते. म्हणजे प्रवेश घेण्यापूर्वी ही सूची हाती आली असती, तर कोणता अभ्यासक्रम घ्यावा याचा विचार त्याला पैशांच्या बाजूनेही करता आला असता. सूची अर्जाच्या शेवटच्या दिवशी नव्हे, प्रवेशाच्या दिवसांत वाटावी, ती यासाठी.

तिसरी अर्जदार : मूळ गाव लातूर जिल्ह्यात, शिधापत्रिका तेथली. आईवडील मात्र आठ वर्षे पुण्यात भाड्याच्या खोलीत मजुरी करून राहतात आणि मुलगी पुण्यातच शिकते. सातव्या क्रमांकात तिने काय लिहावे? तिचे ‘घर’ कोठे? वाक्यात ‘स्थानिक रहिवासी’ असे शब्द आहेत, पण कागदोपत्री पत्ता धरायचा की प्रत्यक्ष वास्तव्य, हे वाक्य सांगत नाही.

जेथे सूचीने थांबावे

तिसऱ्या अर्जदाराच्या बाबतीत सूची करणाऱ्याला मोह होतो की आपणच अर्थ ठरवून टाकावा. तो टाळला पाहिजे. वाक्य जेथे संदिग्ध आहे तेथे सूचीने निश्चित बोलू नये. तिने ‘?’ लिहावे आणि जिल्ह्याच्या सहायक आयुक्त, समाजकल्याण यांच्या कार्यालयाकडे लेखी विचारणा करावी. तोंडी उत्तर पुढच्या टेबलावर बदलू शकते. लेखी उत्तर पुढच्या वर्षीच्या विद्यार्थ्यालाही उपयोगी पडते.

सहाव्या क्रमांकातही अशी एक फट आहे. ‘प्रवेश न मिळालेल्या’ म्हणजे वसतिगृहासाठी अर्ज करून जागा न मिळालेला, की अर्जच न केलेलाही? दोन्ही वाचने शब्दांत बसतात. सावधपणाचा मार्ग असा की, विद्यार्थ्याने वसतिगृहासाठी वेळेत अर्ज करावा आणि त्याची पोच जपावी. जागा मिळाली तर राहण्याचा प्रश्न सुटला. न मिळाली तर कोणत्याही वाचनाने त्याची अट पूर्ण होते. संदिग्ध अटीचे अधिक कडक वाचन आपल्या हातात असेल, तर ते पूर्ण करून ठेवावे. हाताबाहेर असेल, तर विचारावे. पण स्वतःच्या मनाने फुली मारू नये.

सूचीच्या तळाशी तीन गोष्टी न विसरता लिहाव्यात : ती कोणत्या शासन निर्णयावरून वा जाहिरातीवरून केली त्याचा दिनांक, ती कोणत्या शैक्षणिक वर्षासाठी आहे, आणि ‘अंतिम निर्णय कार्यालयाचा’ हे वाक्य. दिनांक नसलेली सूची फार काळ फिरते. अटी बदलल्यानंतरही ती गावात हातोहात जात राहते आणि तेव्हा ती अडचण होऊन बसते.

स्वाध्याय

वाचकांनी स्वतः करून पाहण्यासाठी एक छोटे उदाहरण देतो. २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘मुख्यमंत्री – माझी लाडकी बहीण’ योजनेच्या पात्रतेत राज्यातील विवाहित, विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता व निराधार महिला आणि कुटुंबातील केवळ एक अविवाहित महिला असा उल्लेख आहे. या तुकड्याची सूची करावी. ‘व’ आणि ‘आणि’ येथे काय जोडतात ते ‘मी’ ठेवून तपासावे. ‘केवळ एक’ ही मर्यादा सर्वांना लागते की शेवटच्या शब्दालाच, ते ठरवावे. मग एकाच कुटुंबातील विधवा आई, विवाहित सून आणि दोन अविवाहित बहिणी अशा चौघींच्या हाती ती सूची देऊन पाहावी. प्रकाराच्या या एका अटीपुरते आई आणि सून दोघींना खूण करता आली आणि दोन बहिणींपैकी एकीलाच, तर सूची बरोबर झाली. आईच्या वा सुनेच्या चौकटीपाशी ‘घरातली दुसरी कोणी अर्ज करते आहे का?’ असा प्रश्न आला असेल, तर ‘केवळ एक’ हे शब्द चुकीच्या नामाला लागले आहेत. ते काढून अविवाहितेच्या ओळीत ठेवावेत.